संकेतबदल आणि विभक्तीची वेस : भिलाईच्या मराठीसंदर्भात

अमेरिकेतील स्पॅनिश भाषकांच्या बोलण्यात स्पॅनिश व इंग्रजी यांची जी सरमिसळ होते, तिला ‘स्पँग्लिश’ म्हणतात. ही सरमिसळ अपुऱ्या भाषाज्ञानातून होते, असा समज रूढ आहे. तथापि न्यूयॉर्कमधील पोर्तोरिकन वस्तीचा अभ्यास करून शाना पॉपलॅक यांनी 1980 साली दाखविले, की वाक्याच्या आत सफाईने भाषा बदलणारे बहुधा दोन्ही भाषांवर प्रभुत्व असणारेच असतात. जेथे दोन्ही भाषांचा पदक्रम जुळतो, तेथेच हा बदल सहज होतो. स्पॅनिशमध्ये विशेषण बहुधा नामानंतर येते, इंग्रजीत आधी. म्हणून त्या जोडीच्या मध्ये भाषा सहसा बदलत नाही.

भिलाईच्या पोलाद कारखान्यामुळे नाना प्रांतांतील कामगार एकत्र आले. तेथील कॅम्प-1 सारख्या वस्तीत मराठी भाषकाला हिंदीचा शेजार नित्याचा आहे. मराठी आणि हिंदी यांचा पदक्रम जवळजवळ सारखाच. मग येथे संकेतबदलाला अटकाव कोठे होतो?

पुढील वाक्य नमुन्यादाखल घेता येईल : ‘काल नाइट शिफ्ट थी, इसलिए मी सभेला आलो नाही.’ हे कानाला खटकत नाही. कारण बदल दोन उपवाक्यांच्या सांध्यावर झाला आहे. याउलट ‘मी घर में होतो’ हे वाक्य दोन्ही भाषा जाणणाऱ्यालाही विचित्र वाटते. पदक्रम निर्दोष आहे. परंतु ‘होतो’ने वाक्याची चौकट मराठी ठरविली असता ‘में’ हा परका प्रत्ययस्थानी आला. मराठी चौकट ‘घरात’ असे रूप मागते. मराठी-इंग्रजी मिश्रणाचा विचार करताना अरविंद जोशी यांनी 1982 साली असाच नियम मांडला होता : चौकटीच्या भाषेत परकी नामे येतात, परकी शब्दयोगी अव्यये येत नाहीत.

उसना शब्द आणि संकेतबदल यांतील भेदही येथेच उमगतो. ‘शिफ्टला’, ‘प्लांटमध्ये’ यांत परका शब्द मराठी प्रत्यय पत्करतो. तो मराठीच्या घरात नांदू लागला आहे. ‘शिफ्ट थी’मध्ये मात्र हिंदी क्रियापद आपले व्याकरण घेऊनच येते. अर्थात ही कसोटी सर्वत्र निर्णायक नाही. एकदाच वापरलेला परका शब्दही प्रत्यय घेऊ शकतो.

औपचारिक लेखनासाठी तिचा उपयोग मात्र निश्चित आहे. वरील वाक्य अर्जात लिहावयाचे झाल्यास ‘काल रात्रपाळी असल्यामुळे सभेस उपस्थित राहता आले नाही’ असे होईल. ‘रात्रपाळी’ऐवजी ‘नाइट शिफ्ट’ राहिली तरी मराठीपण बिघडत नाही. ‘थी, इसलिए’ मात्र गेलेच पाहिजे. बोलताना समोरचा श्रोता दोन्ही भाषा जाणतो, याची खात्री असते. अर्जाचा वाचक अज्ञात असतो. म्हणूनच कथेतील पात्राच्या तोंडी किंवा साक्षीच्या शब्दशः नोंदीत जो संकेतबदल राखणे आवश्यक, तोच निवेदनात व इतिवृत्तात टाळणे इष्ट होय.