पॉडकास्टचा नवीन भाग आला, आता कॅप्शनमध्ये काय लिहायचं?

रेकॉर्डिंग आणि एडिटिंग आपण व्हिडिओत बघितलं. आज भाग लोकांपुढे ठेवताना लिहायचं कॅप्शन, सोबतचा छोटा ऑडिओ तुकडा म्हणजे टीझर, आणि लिंक.

समजा तुमचा घरगुती मसाल्याचा धंदा आहे आणि सातवा भाग मिरचीच्या खरेदीवर आहे. बहुतेक जण असं लिहितात: “आमच्या पॉडकास्टचा नवा भाग आला आहे! नक्की ऐका, शेअर करा.” यात मिरची कुठेच नाही. इन्स्टाग्रामवर कॅप्शनची सुरुवातच दिसते, बाकीचं ‘more’च्या मागे जातं. म्हणजे दिसणारी जागा तुम्ही “नवा भाग आला आहे” यावर घालवली. त्याऐवजी हे बघा:

“वर्षभराची ब्याडगी एप्रिलमध्ये एकदम भरली, तर पैसे वाचतात की अडकतात?

घरगुती मसाला करणाऱ्यांसाठी २२ मिनिटं. पोत्यातली ओल कशी ओळखायची आणि कोल्ड स्टोरेजचं भाडं कधी परवडतं, यावर बोललोय. जूनमध्ये पोतं उघडल्यावर काय दिसलं, ते ९व्या मिनिटाला.

भाग ७: मिरचीची खरेदी. लिंक बायोमध्ये.”

पहिली ओळ धंद्यातला प्रश्न आहे. ज्याला मिरची घ्यायची नाही तो पुढे जाईल, जाऊ द्या. ज्याला घ्यायची आहे तो थांबेल. मिनिट सांगितल्यामुळे घाईत असलेला माणूसही निदान तिथपर्यंत जातो. पण ९व्या मिनिटाला ती गोष्ट खरंच असली पाहिजे. एडिटिंगमध्ये सुरुवातीची दीड मिनिटं कापली असतील, तर आकडा बदलतो. म्हणून हा आकडा शेवटची फाइल ऐकूनच लिहा.

आता टीझर. इन्स्टाग्रामवर नुसती ऑडिओ फाइल पोस्ट करता येत नाही, त्यामुळे एका चित्रावर आवाज ठेवून व्हिडिओ करायचा. उभा, १०८० बाय १९२०. बोललेले शब्द स्क्रीनवर मोठ्या अक्षरात द्या, कारण बसमध्ये बसलेला माणूस आवाज बंद ठेवून बघतो. लांबी अर्धा मिनिट पुरे.

तुकडा कुठून घ्यायचा, यात खरी गंमत आहे. “नमस्कार, मी अमुक” इथून नको. भाग ऐकताना जिथे तुमचा स्वतःचा आवाज बदलतो, तिथून घ्या: “भाव चांगला मिळाला म्हणून दोन क्विंटल एकदम भरली. पोती भिंतीला टेकवून ठेवली. जूनमध्ये वरचं पोतं ठीक होतं, खालचं उघडलं आणि...” इथे थांबवा. ‘आणि’नंतर अर्धा सेकंद शांतता राहू द्या, नाहीतर फाइल चुकून तुटल्यासारखी वाटते. टीझरमधलं वाक्य कॅप्शनमध्ये पुन्हा लिहू नका. टीझर गोष्ट सांगतो, कॅप्शन सांगतं की त्यातून ऐकणाऱ्याला काय मिळणार.

लिंकवर मात्र सगळ्यात जास्त माणसं गळतात. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबली तरी उघडत नाही. ती बायोमध्ये टाका आणि स्टोरीवर लिंक स्टिकर लावा. यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातली लिंकही दाबता येत नाही. तिथे पूर्ण भाग ‘Related video’ म्हणून जोडा. व्हॉट्सअॅपवर लिंक थेट चालते, म्हणून ग्राहकांच्या ग्रुपवर तीच द्या.

लिंक भागाची द्या, संपूर्ण पॉडकास्टची नको. पॉडकास्टच्या पानावर गेलेल्या माणसाला पुढच्या महिन्यात सातवा भाग शोधत खाली जावं लागेल. आणि बायोतली लिंक तर तुम्ही नव्या भागासाठी बदलणारच. म्हणूनच कॅप्शनमध्ये भागाचा क्रमांक आणि नाव लिहायचं. जुनी पोस्ट उशिरा सापडली, तरी नाव टाकून भाग शोधता येतो.

अजून एक फसगत. भाग अपलोड केला त्या डॅशबोर्डचा पत्ता ब्राउझरवरून कॉपी केला, तर तो तुमच्या लॉगिनवरच उघडतो. समोरच्याला साइन-इनचं पान दिसतं आणि तो निघून जातो. लिंक नेहमी ऐकण्याच्या अॅपमधल्या ‘Share’मधून घ्या. स्पॉटिफायच्या लिंकच्या शेवटी `?si=` आणि पुढे अक्षरं येतात. ती काढली तरी लिंक चालते, मेसेज आटोपशीर दिसतो. यूट्यूबवर भाग उद्यासाठी शेड्युल केला असेल, तर तोपर्यंत तो प्रायव्हेट असतो, लिंक आधी वाटून उपयोग नाही.

प्रकाशित केल्यावर लगेच पोस्टही करू नका. स्पॉटिफायवर भाग दिसला म्हणजे अॅपल पॉडकास्टवरही आला असं नसतं, तिथे कधी कधी वेळ लागतो. सकाळी प्रकाशित करा, संध्याकाळी पोस्ट करा. त्याआधी सगळ्या लिंक घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून उघडून बघा. त्या फोनवर तुमचं लॉगिन नसतं, हाच फायदा. आई किंवा वहिनी “अगं, इथे पासवर्ड मागतंय” म्हणाली, तर लिंक चुकीची आहे. प्ले दाबल्यावर तुमचा आवाज आला, की पोस्ट टाका.