टेंडर भरताना: पहिला लिफाफा पास, तरच दुसरा उघडतो



समजा, देवरीकडच्या आश्रमशाळांना 400 क्विंटल तांदूळ पुरवायचं टेंडर mahatenders.gov.in वर निघालं आणि आपण ते कामठ्याहून भरतोय. यात दोन लिफाफे असतात. पहिला तांत्रिक, दुसरा दराचा. पहिल्यात पात्र ठरलो तरच आपला दर उघडतात.

*लिफाफा 1 (तांत्रिक):* टेंडरमधल्या अटी त्याच क्रमाने एका तक्त्यात उतरवा. प्रत्येक अटीसमोर पुरावा आणि त्याचा पान नंबर लिहा. "मागील 3 वर्षांची सरासरी उलाढाल" अशी अट असेल तर सीएच्या दाखल्यात तिन्ही वर्षं हवीत. एकाच वर्षाचा दाखला जोडला, तर उलाढाल भरपूर असूनही बाद होऊ शकतो. या लिफाफ्यात दर कुठेच दिसू देऊ नका. जुनं कोटेशन चुकून जोडलं गेलं तरी टेंडर बाद होऊ शकतं.

*लिफाफा 2 (दर):* दर फक्त बीओक्यूच्या एक्सेल फाइलमध्ये भरायचा. फाइलचं नाव आणि रकाने बदलू नका. दर "शाळेपर्यंत पोच" मागितला असेल, तर क्विंटलमागे हिशेब असा (आकडे उदाहरणाचे, नफा तांदळात धरून):
तांदूळ 3,400
बारदाना 50
भाडं 90
हमाली 30
एकूण 3,570 रुपये

हमाली धरायची राहिली, तर 400 क्विंटलवर 12,000 रुपये आपल्याच खिशातून जातील. दर उघडल्यावर तो वाढवून मिळत नाही. म्हणून अपलोड करण्याआधी हा हिशेब दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.