ग्रुप सोडला, डिलीट केला, तरी फोन भरलेलाच? आधी फाईल, मग ग्रुप



बंदीच्या ६१ दिवसांत इंजिन उघडतो, जाळी डागडुजीला काढतो, होडीला रंग मारतो. फोन मात्र तसाच राहतो. मग १ ऑगस्टला बोटी सुटल्या की चार दिवसांत कार्यालयात तक्रारी सुरू: "फोटो निघत नाही", "व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कागद उघडत नाही", "स्टोरेज फुल म्हणतो". म्हणून या वेळी मोठे ग्रुप कसे सोडायचे आणि त्यांनी फोनमध्ये भरून ठेवलेला माल कसा काढायचा, ते नीट सांगतो. नुसतं "नको ते डिलीट करा" असं सांगून भागत नाही, कारण इथं क्रम चुकला तर नको ते राहतं आणि हवं ते जातं.

गेल्या हंगामात आमच्या एका सभासदाचं तेच झालं. ६४ जीबीचा फोन, त्यात शेवटी जागाच उरली नाही. त्यांनी मासळीच्या दराचा एक आणि गावचा एक असे दोन मोठे ग्रुप सोडले, लगेच डिलीटही केले. वाटलं, काम झालं. पण फोन तसाच भरलेला. मग घरच्या पोरानं फाईल मॅनेजर उघडून फोटोंचं आख्खं फोल्डर उडवलं. जागा झाली खरी, पण त्यात नव्या इंजिनाचं बिल, बोटीच्या कागदांचे फोटो आणि वडिलांनी होडी पहिल्यांदा पाण्यात ढकलली त्या दिवसाचे फोटोही गेले. बिलाची दुसरी प्रत दुकानातून मिळाली. वडील आता नाहीत, ते फोटो कुणाकडून आणायचे?

चूक नेमकी कुठे झाली?

ग्रुपमध्ये येणारा फोटो दोन ठिकाणी असतो असं समजा. एक, चॅटमध्ये दिसतो तो. दुसरी, फोनच्या पोटात उतरलेली त्याची फाईल. जागा खाते ती फाईल. ग्रुप सोडला की पुढचे मेसेज थांबतात, पण आधी उतरलेली एकही फाईल हलत नाही.

अँड्रॉइड फोनवर या फाईल इथं पडलेल्या असतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

आत फोटोंचं वेगळं फोल्डर, व्हिडिओंचं वेगळं. पण ग्रुपप्रमाणे वेगळं काही नाही. सगळ्या ग्रुपचे आणि घरच्यांचे फोटो एकाच फोल्डरात. फाईलचं नाव असतं `IMG-20240612-WA0007.jpg` असं. म्हणजे १२ जून २०२४ ला आलेला, त्या दिवशीचा अमुक नंबरचा फोटो. कुठल्या ग्रुपातून आला, ते नावात कुठंच नाही.

म्हणजे कुठला फोटो कुणाचा, हे फक्त चॅटला ठाऊक असतं. फाईल न काढता चॅटच डिलीट केली तर ती ओळख पुसली जाते. मागं हजारो फाईल एकात एक मिसळून राहतात. मासळी निवडायच्या आधीच कचऱ्यात मिसळल्यासारखं होतं. त्या सभासदाच्या पोराची चूक फार नव्हती, त्याला वेगळं काढायला काही खूणच उरली नव्हती.

म्हणून क्रम पक्का धरा: आधी हवं ते बाजूला, मग फाईल, मग ग्रुप सोडायचा, शेवटी डिलीट.

१. हवं ते बाजूला काढा

ग्रुप उघडा, वरच्या नावावर टॅप करा, खाली "Media, links, and docs" दिसेल. ते वरून खाली एकदा बघा. बिल, परवाना, विम्याचा कागद, घरचा फोटो दिसला की तो उघडा, तीन ठिपके दाबा, "Share" करा आणि "Drive" मध्ये टाका. गूगल खात्यावर १५ जीबी जागा फुकट असते, कागदांना ती भरपूर झाली.

बरेच जण फोटो स्वतःलाच फॉरवर्ड करून ठेवतात. तेवढ्यावर विसंबू नका. पुढं डिलीट करताना कधी कधी व्हॉट्सअ‍ॅप विचारतं, त्याच फाईलच्या सगळ्या प्रती काढू का? तिथं घाईत हो म्हटलं की फॉरवर्ड केलेलाही जातो.

२. त्या ग्रुपच्या फाईल काढा

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये "Settings", मग "Storage and data", मग "Manage storage". इथं प्रत्येक चॅटनं किती जागा खाल्ली ते मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीनं दिसतं. वर "Larger than 5 MB" असा वेगळा कप्पाही असतो, त्यात बहुतेक व्हिडिओ सापडतात.

परवा कार्यालयात एका बोटमालकांचा फोन आम्ही असाच उघडला. दराचा ग्रुप ९ जीबी, गावचा ६ जीबी, एक सुविचार-शुभेच्छांचा ४ जीबी. तीन ग्रुपांत १९ जीबी! त्यांच्या घरच्या ग्रुपला मात्र १ जीबीसुद्धा लागली नव्हती. म्हणजे घरच्या फोटोंना हात लावायची गरजच नव्हती.

ग्रुपच्या नावावर टॅप करा. एखादी फाईल दाबून धरा, मग वरच्या खुणेनं सगळ्या निवडा. ठेवायची असेल ती टॅप करून सोडून द्या. मग कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबा. फाईल हजारो असल्या तर वेळ लागतो, फोन मध्येच बंद करू नका. इथून गेलेलं परत मिळेल असं धरून चालू नका, म्हणून पहिली पायरी सोडायची नाही.

३. ग्रुप सोडा

ग्रुपच्या नावावर टॅप, अगदी खाली "Exit group". कितीतरी जण निव्वळ भिडेपोटी ग्रुपात राहतात, "सोडला तर लोक काय म्हणतील?" आता पहिल्यासारखी सगळ्यांना सूचना जात नाही, फक्त अ‍ॅडमिनला कळतं. कोण सोडून गेलं ती यादी मात्र ग्रुपच्या माहितीत ६० दिवस दिसते. कुणी मुद्दाम बघितलं तर दिसेल, एवढंच.

तुम्ही एकटेच अ‍ॅडमिन असाल तर आधी दुसऱ्या जबाबदार माणसाला अ‍ॅडमिन करा. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच कुणालातरी करतं, मग तो खलाशी असो की कुणीतरी अनोळखी.

हवामानाचा इशारा ज्या ग्रुपवर येतो तो सोडू नका. तांडेल आणि घरचं एक माणूस तरी त्यात राहायलाच हवं.

४. आता डिलीट

सोडल्यावरही ग्रुप यादीत राहतो. त्याच्या माहितीत जाऊन "Delete group" करा. विचारताना खाली एक चौकोन येतो, ग्रुपमधून आलेल्या फाईलही फोनमधून काढायच्या का म्हणून. त्यावर बरोबरची खूण आहे ना, ते बघूनच पुढं जा. दुसऱ्या पायरीत काही सुटलं असेल तर ते इथं निघतं. हे डिलीट फक्त तुमच्या फोनपुरतं असतं, बाकीच्यांचा ग्रुप तसाच चालू राहतो.

काम झालं की नाही, कसं ओळखायचं?

सुरुवात करण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये किती जागा मोकळी आहे ते कागदावर लिहून ठेवा, शेवटी पुन्हा बघा. वरच्या बोटमालकांच्या फोनवर आधी अर्धा जीबीही मोकळा नव्हता, शेवटी १९ च्या आसपास झाला. १९ जीबी काढून आकडा हललाच नसता, तर कुठंतरी चुकलं असं समजायचं.

गॅलरीतून किंवा फाईल्स अ‍ॅपमधून फोटो काढले असतील तर ते आधी "Trash" किंवा "Bin" मध्ये जातात आणि तिथं बसून जागा खातच राहतात. तो डबा रिकामा केल्याशिवाय आकडा वाढत नाही. आणखी एक सांभाळा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असेल तर तिथून डिलीट केलेला फोटो बॅकअपमधूनही जातो. म्हणून आम्ही व्हॉट्सअ‍ॅपच्या आतूनच काढायला सांगतो.

आधीच ग्रुप डिलीट करून बसलात तर?

मग फाईल्स अ‍ॅपमधून वर दिलेल्या फोल्डरात जावं लागेल. आख्खं फोल्डर उडवायचं नाही. आधी व्हिडिओंचं फोल्डर उघडा, मोठ्या फाईल वर येतील असं लावा आणि एकेक बघून काढा. जागा जास्त व्हिडिओच खातात, शिवाय संख्येनं ते फोटोंपेक्षा कमी असतात. तासाभरात बरंच हलकं होतं. फोटोंना शेवटी हात लावा, तोही घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून. कुठला फोटो मोलाचा, ते पोरांना कळेलच असं नाही.

पुन्हा भरू नये म्हणून

"Storage and data" मध्येच "Media auto-download" आहे. तिथं मोबाईल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग या तिन्ही ठिकाणी फोटो, ऑडिओ, व्हिडिओ आणि कागदपत्रं यांवरची खूण काढा. यापुढं तुम्ही टॅप केल्यावरच फाईल उतरेल. आवाजाचे मेसेज मात्र आपोआप येतच राहतात, त्यामुळं समुद्रावरून घरी आणि घरून बोटीवर पाठवलेला निरोप अडत नाही.

इथं दोन गैरसमज आम्हाला सारखे भेटतात. "Media visibility" बंद केलं की जागा वाचते, असं काहींना वाटतं. त्यानं फोटो गॅलरीत दिसत नाहीत एवढंच, फाईल उतरतेच. ग्रुप म्यूट किंवा अर्काइव्ह केल्यानंही तेच. आवाज बंद होतो, ग्रुप नजरेआड जातो, माल मात्र उतरत राहतो.

आयफोनवाल्यांनी "Save to Photos" बंद आहे का तेही बघावं. ते चालू असेल तर प्रत्येक फोटोची दुसरी प्रत फोनच्या फोटोंमध्ये जाते. व्हॉट्सअ‍ॅपमधून काढलं तरी ती राहते.

शेवटी "Privacy" मध्ये "Groups" उघडून "My contacts" ठेवा. नाहीतर आज सोडलेल्या ग्रुपसारखे चार नवे ग्रुप उद्या कुणीतरी अनोळखी माणूस तुमच्या गळ्यात घालील.

बोटी सुटण्याआधी एवढं करून घ्या. अडलं तर संध्याकाळी कार्यालयात या, बसून करू. येताना फोन चार्ज करून आणा. आणि काय ठेवायचं ते घरच्यांना विचारून या, ते आम्हाला ठरवता येणार नाही.