उलटा सायफन आणि गाळाचे गणित

झाशीजवळ बेतवा नदीवर पारीछा येथे बंधारा आहे. तेथून निघणाऱ्या कालव्याकडे पाहताना मला प्रश्न पडला, की वाटेत नाला किंवा रस्ता आडवा आला तर पाणी पलीकडे कसे न्यायचे? वरून पूल बांधता येतो. उंची पुरत नसेल तर पाणी नाल्याखालून U आकाराच्या नळातून नेतात. यालाच उलटा सायफन म्हणतात. येथे पाणी ओढले जात नाही. वरच्या टोकाची पातळी खालच्या टोकापेक्षा जास्त असते, त्या फरकाने ते ढकलले जाते.

शहराच्या गटारालाही नाला ओलांडताना हीच युक्ती वापरतात, पण तेथे गाळाची अडचण मोठी असते. साध्या गटारात पाणी कमी झाले की त्याची खोलीही कमी होते, त्यामुळे वेग फार घटत नाही. सायफन मात्र तळाशी नेहमी पूर्ण भरलेला असतो. प्रवाह पाचपट कमी झाला, की वेगही पाचपट कमी होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, सकाळी सेकंदाला १६० लिटर सांडपाणी येते आणि मध्यरात्रीनंतर ३२ लिटर. ४५० मिलिमीटर व्यासाच्या नळाचे क्षेत्रफळ ०.१५९ चौरस मीटर असते. त्यात सकाळचा वेग सेकंदाला १ मीटर येतो, तो ठीक आहे. रात्री मात्र तो ०.२ मीटरच राहतो. साध्या गटारातही निदान ०.६ मीटर वेग ठेवतात आणि सायफनसाठी १ मीटर, कारण तेथे वाळूला चढणही चढावी लागते. म्हणजे रात्री वाळू तळाच्या वळणात बसणारच.

यावर उपाय म्हणजे एकाऐवजी दोन नळ घालायचे. २०० मिलिमीटरच्या नळाचे क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मीटर असते, म्हणून रात्रीचे ३२ लिटर त्यातून १ मीटर वेगाने जातात. प्रवेशाच्या चेंबरमध्ये एक बुटकी आडभिंत बांधतात. पाणी वाढले की ते भिंतीवरून ४०० मिलिमीटरच्या दुसऱ्या नळात पडते. सकाळच्या उरलेल्या १२८ लिटरना तेथेही साधारण १ मीटर वेग मिळतो आणि आधी बसलेला गाळ धुऊन निघतो.

या वेगाची किंमतही मोजावी लागते. नळ ४० मीटर लांब असेल, तर छोट्या नळात केवळ घर्षणाने सुमारे २५ सेंटिमीटर पातळी खर्च होते. वळणे आणि तोंडे यांचा तोटा वेगळा. एवढा उतार नसेल तर हवा तो वेग मिळणारच नाही.

नळ जमिनीखाली असतो, मग तो तुंबतो आहे हे कसे कळणार? दोन्ही चेंबरमधल्या पातळ्या मोजायच्या. प्रवाह तेवढाच असून त्यांतला फरक महिन्यागणिक वाढत असेल, तर आत गाळ साचतो आहे. तेव्हा एक नळ फळी टाकून बंद करायचा आणि दुसरा चालू ठेवून पहिला साफ करायचा. हे वेळीच झाले नाही, तर सांडपाणी मागे चढून वरच्या वस्तीतील घरांच्या मोरीत येते.