जननेंद्रियावरील व्रण व स्राव : पहिल्याच भेटीत उपचार, जोडीदारासह
प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व समुपदेशकांसाठी

जननेंद्रियावर व्रण किंवा स्राव घेऊन येणारा रुग्ण बहुधा एकदाच येतो. त्याला अहवालासाठी चार दिवसांनी या असे सांगितले, तर तो परतत नाही. मधल्या काळात आजार मात्र दुसऱ्याकडे पोहोचतो. म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्राथमिक स्तरावर लक्षणसमूह पाहून उपचार केले जातात. त्या लक्षणांमागे जे जंतू संभवतात त्या सर्वांवरील औषध एकाच रंगीत संचात मिळते व ते त्याच दिवशी दिले जाते. पुढील उदाहरण कल्पित आहे, पण अशा रुग्णाबाबत कोठे चूक होते हे त्यावरून लक्षात येईल.

सत्तावीस वर्षांचा एक मालवाहू ट्रकचालक दोन महिन्यांच्या फेरीनंतर घरी परतला आहे. शिस्नावर दहा दिवसांपासून एकच व्रण आहे. तो दुखत नाही. कडा स्वच्छ व बूड कठीण आहे. दोन्ही जांघांत टणक, न दुखणाऱ्या गाठी लागतात. औषधाच्या दुकानातून आणलेले मलम त्याने लावून पाहिले आहे. व्रणापूर्वी पाण्याने भरलेले बारीक फोड आले नव्हते आणि असा त्रास पूर्वी कधी झालेला नाही.

फोडांचा हा प्रश्न प्रत्येक व्रणाच्या रुग्णाला विचारावा. एकत्र पुंजक्याने येणारे, फुटून दुखणारे व पुनःपुन्हा उद्भवणारे फोड हे नागिणीसारख्या विषाणूचे, म्हणजे जननेंद्रियाच्या हर्पिसचे लक्षण आहे. त्यासाठी लाल संच असून त्यात असायक्लोव्हिर ४०० मि.ग्रॅ. दिवसातून तीन वेळा, सात दिवस घ्यावयाचे असते. फोड नसतील व केवळ व्रण असेल, तर उपदंश (गरमी) व मृदुव्रण या दोहोंवर उपचार करावा. त्यासाठी पांढरा संच आहे. त्यात बेन्झाथीन पेनिसिलीन २४ लाख युनिट व अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम असते. इंजेक्शन स्नायूतच, दोन्ही नितंबांत निम्मे निम्मे द्यावे. शिरेतून ते कधीही देऊ नये. देण्यापूर्वी पेनिसिलीनची ॲलर्जी आहे का हे विचारून घ्यावे व ॲड्रिनॅलिन हाताशी ठेवावे. ॲलर्जी असल्यास गरोदर नसलेल्या रुग्णाला निळा संच, म्हणजे डॉक्सिसायक्लिन १०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा पंधरा दिवस व त्यासोबत अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम द्यावे.

आपल्या ट्रकचालकाची उपदंशासाठीची आर.पी.आर. तपासणी त्याच दिवशी निगेटिव्ह येते. पहिली चूक येथे संभवते. व्रण उमटल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत ही तपासणी निगेटिव्ह असू शकते. अशा अहवालावर विसंबून रुग्णाला परत पाठवले, तर व्रण तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येईल. रुग्णाला मलमाने गुण आला असे वाटेल आणि आजार शरीरात तसाच राहील. म्हणून व्रण पाहून इंजेक्शन त्याच वेळी द्यावे. त्या दिवशीची आर.पी.आर. ही पुढील तुलनेसाठी नोंदवून ठेवावयाची आहे. त्याच्या संमतीने एच.आय.व्ही.ची तपासणी करावी व ती तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

यानंतर दार लावून, सोबत आलेल्या नातेवाइकांना बाहेर बसवून विचारावे, "गेल्या तीन महिन्यांत कोणाकोणाशी संबंध आला?" पुरुषांशी आलेला संबंधही याच प्रश्नात येऊ द्यावा. 'बाहेर कोठे गेला होतात का?' हा प्रश्न मात्र टाळावा. त्यात निवाडा दडलेला असतो व त्याला उत्तर खोटेच मिळते. ट्रकचालक सांगतो की प्रवासात एकदा संबंध आला, आणि घरी परतल्यावर, व्रण दिसण्यापूर्वी, पत्नीशीही. पत्नी पाच महिन्यांची गरोदर आहे. तिला काहीही त्रास नाही.

दुसरी व अधिक गंभीर चूक येथे होते. पत्नीच्या माता व बाल संरक्षण कार्डावर तिसऱ्या महिन्यातील उपदंशाची तपासणी निगेटिव्ह नोंदलेली आहे. तेवढ्यावरून निर्धास्त राहू नये. ती तपासणी पती परतण्यापूर्वीची आहे. संसर्गानंतर रक्तात खूण उमटण्यास काही आठवडे जातात आणि त्या अवधीत आजार गर्भापर्यंत पोहोचू शकतो. त्यातून गर्भपात, मृतजन्म किंवा जन्मजात उपदंश संभवतो. म्हणून तिची तपासणी पुन्हा करावी, परंतु अहवालाची वाट न पाहता तिलाही पांढऱ्या संचातील पूर्ण मात्रा द्यावी. आताची तपासणी पॉझिटिव्ह आली व संसर्ग कधीचा हे ठरवता आले नाही, तर आठवड्याच्या अंतराने एकूण तीन इंजेक्शने द्यावी लागतात. गरोदरपणात पेनिसिलीनला पर्याय नाही. डॉक्सिसायक्लिन वर्ज्य आहे. अझिथ्रोमायसिन गर्भापर्यंत पुरेसे पोहोचत नसल्याने केवळ त्यावर भिस्त ठेवू नये. ॲलर्जी असल्यास तिला मोठ्या रुग्णालयात पाठवावे. इंजेक्शननंतर पहिल्या चोवीस तासांत ताप व अंगदुखी होऊ शकते, हे तिला आधीच सांगावे. पोटात कळा आल्या किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर तत्काळ यावे, हेही सांगावे.

तिला बोलवायचे कसे, हा प्रश्न औषधाहून अवघड आहे. जोडीदारासाठीच्या चिठ्ठीवर आजाराचे नाव लिहू नये. संचाचा रंग, दिनांक व केंद्राचे नाव पुरेसे आहे. पतीने स्वतः सांगावे हे उत्तम. त्याला शब्द सुचत नसतील, तर ते त्याच्याबरोबर बसून ठरवावेत, उदाहरणार्थ, "मला जो संसर्ग झाला आहे तो बाळाला होऊ नये म्हणून तुलाही सुई घ्यावी लागेल." ती आल्यावर तिला स्वतंत्र बसवून विचारावे. पतीने सांगितलेले तिला व तिने सांगितलेले पतीला कळवू नये. घरी मारहाणीचे भय असल्यास गर्भवतीच्या नियमित तपासणीच्या निमित्ताने बोलवावे. मात्र इंजेक्शन कशासाठी आहे हे तिला सांगून तिची संमती घ्यावी. प्रवासातील जोडीदारासाठीही चिठ्ठी द्यावी. ती पोहोचेलच असे नाही, तरी द्यावी.

स्रावाच्या बाबतीत जोडीदाराचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. पुरुषाच्या मूत्रमार्गातून पू येत असल्यास करडा संच, म्हणजे अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम व सेफिक्झिम ४०० मि.ग्रॅ. एकाच वेळी, आपल्यासमोर घ्यावयास लावावे व स्त्री-जोडीदारालाही तेच द्यावे. परमा व क्लॅमिडिया यांत स्त्रीला पुष्कळदा कोणतेही लक्षण नसते. सात दिवसांनीही पू येत असेल, तर जोडीदाराने औषध घेतले का हे प्रथम विचारावे. घेतले असूनही पू येत असल्यास जंतू औषधाला दाद देत नसावा. अशा वेळी तोच संच पुन्हा न देता पुढे पाठवावे.

परंतु 'अंगावर पांढरे जाते' असे सांगणाऱ्या स्त्रीची गोष्ट निराळी आहे. योनीतील दह्यासारखा, खाज सुटणारा किंवा मासळीचा वास असलेला स्राव बहुधा संबंधातून आलेला नसतो. स्पेक्युलमने पाहून गर्भाशयमुखातून पू येत नसल्याची खात्री झाल्यावर हिरवा संच, म्हणजे सेक्निडॅझोल २ ग्रॅम व फ्लुकोनॅझोल १५० मि.ग्रॅ. द्यावा. गरोदर स्त्रीला तोंडाने फ्लुकोनॅझोल न देता योनीत ठेवण्याची क्लोट्रिमॅझोलची गोळी द्यावी. अशा स्त्रीच्या पतीला पहिल्याच दिवशी बोलावून औषध देण्याची गरज नसते. त्याला लक्षणे असतील किंवा तिला आराम पडला नाही, तर द्यावे. न तपासता 'नवऱ्याला घेऊन या' असे म्हटल्याने एखाद्या निष्पाप घरात संशय शिरतो आणि ती पुन्हा आपल्या दारात येत नाही.

ट्रकचालकाला सातव्या दिवशी बोलवावे. तोवर व्रण भरू लागलेला असावा. दोघांचे उपचार होऊन सात दिवस उलटेपर्यंत व व्रण पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळावा आणि त्यानंतर निरोध वापरावा, असे दोघांनाही सांगावे व निरोध हाती द्यावेत. आर.पी.आर. तिसऱ्या व सहाव्या महिन्यात पुन्हा करावी. पत्नीची तपासणी गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत व प्रसूतीच्या वेळीही व्हावी. त्यासाठी तिच्या कार्डावर इंजेक्शनचा दिनांक स्पष्ट अक्षरांत लिहावा. प्रसूती दुसऱ्या गावी, माहेरी झाली, तर तेथील परिचारिकेला बाळासाठी काय करायचे हे त्या एका दिनांकावरूनच ठरवता येईल.