सराव, सर आणि बोर्डाची परीक्षा

प्रश्न : दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. सराव थांबवला तर क्रीडागुण जातील, अशी भीती वाटते. कबड्डीच्या सरांना कसे सांगावे?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : क्रीडागुण, म्हणजे मान्यताप्राप्त स्पर्धांतील सहभाग वा यशासाठी राज्य मंडळ देते ते सवलतीचे गुण, सरावाच्या हजेरीवर ठरत नसून शाळेमार्फत गेलेल्या प्रस्तावावर मिळतात; म्हणून विद्यार्थिनीने ती भीती सोडावी आणि सराव चुकवण्याआधीच अभ्यासाचे वेळापत्रक घेऊन सरांना भेटावे. सहा दिवसांऐवजी फक्त मंगळवारी आणि शनिवारी पाऊण तास मागावा, कारण जोर तोच ठेवून वेळ घटवल्यास दमसास बराचसा टिकतो, पूर्ण विश्रांतीत मात्र तो दोन-चार आठवड्यांतच उतरू लागतो. परतण्याची तारीखही सांगावी; संघातील जागेचा निर्णय सरांचाच राहील, आणि परतल्यावर पहिला आठवडा पूर्ण जोराच्या पकडी टाळाव्यात.