आधी चरण, मग कोन

बाबू, कारापूरहून साखळीला शिकवणीला जातोस तिथं तुझ्याकडून सूत्र पाठ करून घेतलं असेल. पेपरात कामाला येतो तो उत्तर शोधण्याचा क्रम. संमिश्र संख्येचा घात विचारला की कंस उलगडत बसायचं नाही. आधी मॉड्युलस, मग कोन.

हे घे: (−√3 + i)⁹. पर्याय चार: 512, −512, 512i, −512i.

मॉड्युलस √(3+1), म्हणजे २. दोनाचा नववा घात ५१२. चारही पर्यायांत तोच आकडा दिसतो, म्हणजे पेपर काढणाऱ्यानं मॉड्युलसवरून काहीच ठरू दिलेलं नाही. त्याला तुझा कोन तपासायचा आहे.

इथंच पोरं घसरतात. काल्पनिक भागाला वास्तव भागानं भागतात, −1/√3 येतं, आणि व्यस्त टॅनवरून उणे तीस अंश लिहून मोकळी होतात. अरे, वास्तव भाग ऋण आणि काल्पनिक भाग धन, तर बिंदू दुसऱ्या चरणात! कोन १५० अंश. कच्च्या कागदावर दोन अक्ष काढून बिंदू टाक, पाच सेकंदही लागत नाहीत.

आता १५० ला नवानं गुण, १३५०. त्यातून ३६० चे तीन फेरे, १०८०, वजा कर, उरले २७०. उत्तर −512i. उणे तीस धरलं असतंस तर उणे २७०, म्हणजेच ९० अंश आले असते आणि तू 512i वर खूण केली असतीस. तो पर्याय त्यासाठीच ठेवलेला असतो. पडताळा हवा तर घन कर: तीनदा १५० म्हणजे ४५०, पर्यायानं ९०, म्हणून घन 8i. त्याचा पुन्हा घन −512i.

यात एक गंमत आहे. दोन्ही कोनांतला फरक बरोबर १८० अंशांचा. घात सम असेल तर हा फरक पूर्ण फेऱ्यांत जिरतो. दहावा घात विचारला असता तर चुकीच्या कोनानंही 512(1 + i√3) हेच बरोबर उत्तर मिळालं असतं. म्हणून सरावात समघाताची गणितं बरोबर आली तरी हुरळू नकोस. विषम घात दिसला की चरण पुन्हा बघ.

आर्ग्युमेंट विचारलं तर उत्तर उणे १८० पेक्षा जास्त आणि १८० पर्यंतच हवं. २७० आले तर ते उणे ९० लिही.

कोन ओळखीचा नसेल, जसं (2 + i)⁴, तर कोनाच्या नादी लागू नको. वर्ग कर, 3 + 4i. पुन्हा वर्ग, −7 + 24i. मॉड्युलस √5 चा चौथा घात, २५. सात, चोवीस, पंचवीस जुळतात, म्हणजे गुणाकार बहुधा बरोबर आहे. चिन्हं तेवढी वेगळी बघून घे.

जेईई मेनमध्ये बरोबर पर्यायाला ४ गुण आणि चुकीच्याला उणे १. मॉड्युलसनं दोन पर्याय बाद झाले असतील तर उरलेल्या दोनांतून एक निवडणं फायद्याचंच आहे. कोरा सोडू नकोस.